बिल्डरच्या वरिष्ठ व्यवस्थापनाला पाठवायचे पत्र आणि आधीच्या तक्रारींचा तारीखवार गोषवारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताबा मिळाल्यानंतर सदनिकेत ओल आली, तक्रारी केल्या, पण बिल्डरच्या कार्यालयाकडून उत्तर येत नाही, अशा सदनिकाधारकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. पुण्यातील एका सातव्या मजल्यावरच्या सदनिकेचे उदाहरण सर्वत्र घेतले आहे. ते समजावून सांगण्यासाठी रचलेले असून त्यातील तारखा आणि क्रमांक काल्पनिक आहेत. कायद्यातील तरतुदी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

ग्राहक सेवा विभागाकडे तक्रार केली आहे. तरी वरिष्ठांना वेगळे पत्र का पाठवायचे?

स्थावर संपदा अधिनियम 2016, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, त्याच्या कलम 14(3) मध्ये याचे उत्तर आहे. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कामाच्या दर्जातील किंवा सेवांमधील दोष प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या, निदर्शनास आणला गेला, तर त्याने तो कोणताही जादा आकार न घेता तीस दिवसांत दूर केला पाहिजे, आणि तसे न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. यात सगळे वजन ‘निदर्शनास आणणे’ या कृतीवर आहे. दोष कधी, कोणाला आणि कशा प्रकारे कळवला हे दाखवता आले, तरच तीस दिवस कधी संपले हे सांगता येते.

ग्राहक सेवा विभागाच्या अॅपवर टाकलेली तक्रार निरर्थक नसते, पण तिचा ताबा पूर्णपणे बिल्डरच्या हातात असतो. तिची स्थिती ‘निराकरण झाले’ अशी कोणीही बदलू शकतो, अॅपची नवी आवृत्ती आली की जुन्या नोंदी दिसेनाशा होऊ शकतात, आणि पर्यवेक्षक बदलला की प्रकरण माहीत असलेला माणूसच उरत नाही. वरिष्ठांना पाठवलेल्या पत्राने दोन गोष्टी साधतात. विखुरलेल्या सगळ्या तक्रारी एका कागदावर येतात, आणि ज्यांच्याकडे खर्च मंजूर करण्याचा अधिकार आहे त्यांना आधी काय काय घडले हे कळलेले असल्याचे सिद्ध करता येते. बाहेरच्या भिंतीला सातव्या मजल्यावर कामगारांसाठी दोरांनी टांगलेला पाळणा लावून काम करून घेणे हा निर्णय साइटवरच्या पर्यवेक्षकाच्या अधिकारात सहसा नसतोच, त्यामुळे त्याला दहा वेळा फोन करूनही काही हलत नाही.

पत्र नेमके कोणाच्या नावे लिहायचे?

फलकावर आणि जाहिरातीत जे नाव असते ते बहुतेक वेळा केवळ व्यापारी नाव असते. तुमच्या नोंदणीकृत करारनाम्याच्या पहिल्या पानावर प्रवर्तक म्हणून ज्या कंपनीचे, एलएलपीचे किंवा भागीदारी संस्थेचे नाव आहे, तीच कायद्याच्या दृष्टीने तुमची प्रवर्तक होय. मोठे समूह प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढतात आणि त्या कंपनीचे नाव ऐकून समूहाचा पत्ताही लागत नाही. म्हणून पत्राचा मुख्य पत्ता करारनाम्यातील संस्थेचा ठेवावा आणि समूहाच्या व्यवस्थापकीय संचालकांना प्रत द्यावी. उलट केले, तर ‘ज्यांना पत्र पाठवले ती कंपनी या प्रकल्पाची प्रवर्तकच नाही’ असे उत्तर ऐकून घ्यावे लागते.

महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालचे महाराष्ट्राचे प्राधिकरण, याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की प्रवर्तकाचे नाव आणि पत्ता दिसतो. प्रवर्तक कंपनी असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावरून नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि संचालकांची नावे पाहता येतात, आणि एलएलपी असेल तर नामनिर्देशित भागीदारांची. संचालक पाच असले म्हणून पाच वेगवेगळी पत्रे लिहिण्याची गरज नाही. ‘संचालक मंडळ, द्वारा व्यवस्थापकीय संचालक’ असे एक पत्र पुरते, आणि ग्राहक सेवा प्रमुख व प्रकल्प प्रमुख यांना प्रती द्याव्यात. पत्राच्या शेवटी कोणाकोणाला प्रत दिली ते लिहिले असले की खालच्या अधिकाऱ्याला ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणता येत नाही.

ते पाठवायचे कसे? ईमेल पुरेसा आहे का?

आधी करारनाम्यातील नोटिशीचे कलम वाचावे. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्यात असे कलम असते आणि त्यात दोन्ही पक्षांचे टपालाचे पत्ते आणि अधिसूचित ईमेल दिलेले असतात. त्या पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने आणि त्या ईमेलवर पत्र पाठवले, की ते पोहोचले असे करारानेच मानले जाते. आपण आजवर ज्या ईमेलवर तक्रारी केल्या तो पत्ता करारातला आहे की विक्रीच्या काळात एखाद्या प्रतिनिधीने दिलेला, हे इथेच उघडकीस येते. अनेकदा तो दुसराच असतो.

म्हणून पत्र दोन्ही मार्गांनी पाठवावे. टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली, त्यामुळे आता स्पीड पोस्ट करताना नोंदणीची आणि पोचपावतीची सोय खिडकीवर स्पष्टपणे मागून घ्यावी. पावतीवरच्या क्रमांकावरून पत्र कधी पोहोचले ते टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. ते पान त्याच आठवड्यात छापून ठेवावे, कारण ही माहिती तिथे कायम राहत नाही. पत्र परत आले, तर पाकीट न उघडता जसेच्या तसे जपून ठेवावे. ‘घेण्यास नकार’ हा टपालवाल्याचा शेरा आपल्याच उपयोगाचा असतो.

तारीखवार गोषवारा म्हणजे काय, आणि तो कसा दिसावा?

पत्राचा हाच गाभा आहे, म्हणून तो सविस्तर पाहू. उदाहरणातील सदनिकेचा ताबा 14 जून 2023 रोजी मिळाला. पश्चिमेकडील शयनकक्षाच्या बाहेरच्या भिंतीला दुसऱ्या पावसाळ्यात ओल आली. पत्र 8 सप्टेंबर 2025 रोजी लिहिले आहे. त्यातील गोषवारा असा:

9 जुलै 2024: ग्राहक अॅपवर तक्रार क्रमांक 1187. शयनकक्षाच्या पश्चिम भिंतीवर खिडकीच्या डाव्या बाजूला सुमारे दोन फूट रुंद ओल असल्याचे तीन छायाचित्रांसह कळवले. त्याच दिवशी तक्रार मिळाल्याचा स्वयंचलित संदेश आला. (जोडपत्र 1)

23 जुलै 2024: साइट पर्यवेक्षकांनी पाहणी केली. बाहेरच्या प्लास्टरला तडा असून पाऊस थांबल्यावर काम करू असे तोंडी सांगितले. पाहणीचा अहवाल देण्यात आला नाही. सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील नोंदवहीत त्यांच्या भेटीची नोंद आहे. (जोडपत्र 2)

25 जुलै 2024: कोणतेही काम झालेले नसताना अॅपवर तक्रार ‘निराकरण झाले’ अशी बंद करण्यात आली. (जोडपत्र 3)

26 जुलै 2024: तक्रार चुकीने बंद झाल्याचे ग्राहक सेवा विभागाला ईमेलने कळवले. उत्तर आले नाही. (जोडपत्र 4)

18 नोव्हेंबर 2024: आपल्या ठेकेदाराच्या कामगारांनी बाहेरून पाळणा लावून तडा भरला. वापरलेले साहित्य किंवा कामाची हमी याबाबत लेखी काही देण्यात आले नाही. (जोडपत्र 5)

28 जून 2025: त्याच जागी ओल पुन्हा आली, रुंदी सुमारे चार फूट. ईमेलने आणि अॅपवर तक्रार क्रमांक 2046 अन्वये कळवले. 2 जुलै रोजी ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ असे उत्तर आले. त्यानंतर कोणी आले नाही. (जोडपत्र 6 आणि 7)

21 जुलै 2025: साइट कार्यालयात लेखी अर्ज दिला. प्रतीवर शिक्का आणि तारीख आहे. उत्तर आले नाही. (जोडपत्र 8)

19 ऑगस्ट 2025: स्मरणपत्र ईमेलने पाठवले. उत्तर आले नाही. (जोडपत्र 9)

प्रत्येक नोंदीत तारीख, मार्ग, क्रमांक, काय कळवले, त्यावर काय झाले आणि पुरावा कोणता, एवढेच आहे. ‘उद्दामपणे दुर्लक्ष केले’ असे कुठेही लिहिलेले नाही. ‘उत्तर आले नाही’ हे तीन शब्द पुन्हा पुन्हा आले की वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळते, आणि त्यावर वाद घालायला जागाही राहत नाही. शेवटच्या नोंदीनंतर दोन वाक्यांत हिशेब मांडावा: पहिली तक्रार 9 जुलै 2024 ची, तिचे तीस दिवस 8 ऑगस्ट 2024 रोजी संपले; पुन्हा उद्भवलेल्या दोषाची तक्रार 28 जून 2025 ची, तिचे तीस दिवस 28 जुलै 2025 रोजी संपले. दोन्ही तारखा द्याव्यात, कारण नोव्हेंबरमध्ये काम झाल्यामुळे पहिली तक्रार तिथेच संपली असा बचाव घेतला गेला, तरी दुसरी मुदतही उलटून गेलेली असते.

बिल्डरने एकदा दुरुस्ती केली होती, ते लिहिल्याने आपली बाजू कमजोर होत नाही का?

उलट तीच सर्वांत उपयोगी नोंद आहे. स्वतःचा ठेकेदार पाठवून तडा भरून घेणे म्हणजे दोष होता आणि तो दूर करणे आपले काम होते हे वागण्यातून मान्य करणे होय. पुढे ‘ही ओल तुमच्या अंतर्गत सजावटीमुळे आली’ असे उत्तर आले, तर मग नोव्हेंबरमध्ये बाहेरून पाळणा कशासाठी लावला, या प्रश्नाला सामोरे जावे लागते. शिवाय ही नोंद आपण वगळली आणि बिल्डरने पुढे आणली, तर बाकीच्या नोंदींवरचा विश्वासही उडतो. आपल्याला अडचणीची वाटणारी गोष्ट आपणच आधी आणि आपल्या शब्दांत सांगावी.

फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत केलेल्या तक्रारी गोषवाऱ्यात घालाव्यात का?

ज्यांना कसला तरी आधार आहे, त्या घालाव्यात. वरच्या उदाहरणात 23 जुलैची भेट प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीमुळे टिकते. फोनवरचे बोलणे असेल, तर त्याच दिवशी ‘आज दुपारी आपल्याशी झालेल्या बोलण्यात आपण पाऊस उघडल्यावर काम करण्याचे सांगितले, त्याची नोंद म्हणून हा ईमेल’ असे दोन ओळींचे पत्र पाठवण्याची सवय ठेवावी. ज्या फोनची काहीच नोंद नाही, त्यांची तारीख आठवणीतून लिहू नये. ‘या काळात वेळोवेळी दूरध्वनीवरूनही विचारणा केली’ एवढे एक वाक्य गोषवाऱ्याच्या बाहेर लिहिले की पुरे. एक तारीख चुकीची निघाली, की समोरचा वकील बाकीच्या आठ तारखांवरही तसाच संशय घेतो.

व्हॉट्सअॅप संदेश चालतात, मात्र ते समूहातले नकोत. रहिवाशांच्या समूहात टाकलेला संदेश बिल्डरला कळवल्याचा पुरावा होत नाही, मग त्या समूहात त्यांचा माणूस असो वा नसो. पर्यवेक्षकाच्या क्रमांकावर थेट पाठवलेला आणि त्याने उत्तर दिलेला संदेश हा वेगळा प्रकार. असे संभाषण पुढे महारेरापुढे किंवा ग्राहक आयोगापुढे सादर करायचे असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र लागू शकते. त्यामुळे मूळ फोन विकू नये आणि संभाषण पुसू नये. पडद्याची छायाचित्रे काढताना क्रमांक आणि तारीख दोन्ही दिसतील अशी काढावीत.

ओल बाहेरून येते की वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून, हे पत्रात लिहावे का?

निदान करणे हे तुमचे काम नाही, पण निरीक्षण लिहिणे आहे, आणि या प्रकारच्या पत्रांत बहुतेकांचे पाय इथेच अडकतात. बिल्डरकडून सर्वाधिक येणारे उत्तर म्हणजे ‘वरच्या सदनिकाधारकाने न्हाणीघराचे काम करून घेतले, त्यामुळे गळती होते, त्यांच्याशी बोला’. ते काही वेळा खरेही असते. म्हणून पत्र लिहिण्याआधी घरच्या घरी करता येण्यासारखे निरीक्षण करून ठेवावे.

ओल पावसाळ्यात वाढते आणि हिवाळ्यात वाळून तिथे पांढरी पूड व पोपडे उरतात, असे असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून किंवा छज्जावरून येत असण्याची शक्यता जास्त. एप्रिल-मे महिन्यांतही डाग ओलाच राहत असेल, तर नळ, सांडपाण्याची वाहिनी किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीवरचे पाणी जाण्याचे तोंड, याच्या भोवतालचा सांधा तपासावा लागतो. वरच्या रहिवाशांची संमती असेल, तर त्यांच्या न्हाणीघराची नहाणी बंद करून जमिनीवर रंगीत पाणी साठवून ठेवतात. खाली तोच रंग उतरला, तर शंका राहत नाही. रंग उतरला नाही म्हणून मात्र ते न्हाणीघर निर्दोष ठरते असे नाही, कारण पाण्याला वाट काढायला कधी कधी बरेच दिवस लागतात.

उदाहरणातील घरात डाग खिडकीच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होऊन तिरका खाली जातो, त्या भिंतीमागे कोणाचेही न्हाणीघर नाही, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत भिंत कोरडी असते. पत्रात हे तीन मुद्दे तसेच्या तसे लिहावेत आणि ‘यावरून पाणी बाह्य भिंतीतून येत असावे असे दिसते, तथापि कारण निश्चित करणे हे आपल्या अभियंत्यांचे काम आहे’ असे म्हणून थांबावे.

आणखी एक गोष्ट आधीच हाताळून ठेवावी. बाहेरच्या भिंतीवर एसीचे बाहेरचे युनिट बसवताना छिद्रे पाडलेली असतात, आणि बिल्डरचा अभियंता सर्वात आधी तिकडेच बोट दाखवतो. अनेक करारनाम्यांत, प्रवर्तकाच्या लेखी परवानगीशिवाय फेरफार केल्यास दोष-दायित्व, म्हणजे दोष दूर करण्याची बिल्डरची जबाबदारी, संपते अशी अट असते. पाइपसाठी पाडलेले छिद्र डागापासून किती अंतरावर आहे, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, भोवतीची फट सिलिकॉनने बंद केली आहे का, हे मोजपट्टी लावून काढलेल्या छायाचित्रासह पत्रातच लिहावे. छिद्र डागाच्या बरोबर वर असेल आणि उतार आत असेल, तर मात्र आधी ते दुरुस्त करून घेऊन एक पाऊस पाहावा आणि मगच पत्र लिहावे.

पत्रात मागणी काय करायची?

‘लवकरात लवकर कार्यवाही करावी’ ही मागणी नव्हे. तिचे पालन झाले की नाही हे कोणालाही ठरवता येत नाही. उदाहरणातील पत्रात मागणी अशी आहे: हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपल्या स्थापत्य अभियंत्यांनी आमच्या उपस्थितीत पाहणी करावी, पाहणीनंतर कारण, दुरुस्तीची पद्धत आणि वापरावयाचे साहित्य लेखी द्यावे, पंधरा दिवसांत बाह्य भिंतीचे काम सुरू करावे, काम झाल्यावर खिडकीच्या वरच्या भागावर पाइपने पाण्याचा मारा करून आमच्यासमोर चाचणी घ्यावी, आणि त्यानंतर आतील प्लास्टर व रंगकाम आपल्या खर्चाने करून द्यावे.

तीस दिवस आधीच उलटून गेले असताना पुन्हा पंधरा दिवस का द्यायचे, असे कोणी विचारेल. कायद्याने ते देणे बंधनकारक नाही. पण वाजवी मुदत दिलेली दिसली की पुढे कोणीही ‘आम्हाला संधीच दिली नाही’ असे म्हणू शकत नाही. पत्र ऐन पावसाळ्यात जात असेल, तर बाह्य भिंतीचे वॉटरप्रूफिंग भिंत ओली असताना नीट बसत नाही हेही ध्यानात घ्यावे. अशा वेळी पाहणी आणि लेखी पद्धत यांची मुदत कडक ठेवावी, प्रत्यक्ष कामासाठी पाऊस ओसरल्यानंतरची ठरावीक तारीख मागावी आणि मधल्या काळासाठी तात्पुरता बंदोबस्त मागावा. हे समजून लिहिलेले पत्र प्रकल्प प्रमुखाला गांभीर्याने घ्यावे लागते, कारण ‘पावसात काम होत नाही’ हे त्याचे ठरलेले उत्तर तुम्ही आधीच विचारात घेतलेले असते.

नुकसानभरपाईचा आकडा या पत्रात घालू नये, असे माझे मत आहे. कपाटाची पाठ खराब झाली असेल, तर ते नमूद करावे, छायाचित्र जोडावे आणि ‘भरपाईचा हक्क राखून ठेवत आहे’ असे लिहावे. आकडा आला की चर्चा भिंतीवरून पैशावर जाते आणि भिंत ओलीच राहते.

कायदेशीर कारवाईचा इशारा किती आणि कसा द्यावा?

एका परिच्छेदात, आणि जे खरोखर करणार आहात तेवढाच. ‘वरील मुदतीत कार्यवाही न झाल्यास रेरा अधिनियमाच्या कलम 31 खाली महारेराकडे तक्रार दाखल करण्याचा आणि कलम 14(3) खालील भरपाई मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे’ हे वाक्य पुरेसे आहे. भरपाई ठरवण्याचे काम कलम 71 प्रमाणे न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे असते, त्यामुळे दुरुस्तीचा आदेश आणि भरपाई या मागण्या पुढे वेगवेगळ्या मांडाव्या लागू शकतात. पोलिसांत जाऊ, वर्तमानपत्रात देऊ, समाजमाध्यमांवर बदनामी करू, असे काही लिहू नये. हे पत्र उद्या तुमच्याच तक्रारीला जोडले जाणार आहे आणि वाचणारा तिऱ्हाईत माणूस असणार आहे.

पत्रव्यवहार चालू असेपर्यंत मुदतीची काळजी करण्याची गरज नाही ना?

गरज आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 69 प्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. केवळ पत्रे आणि स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी समाधानकारक कारण द्यावे लागते. उदाहरणातील पहिली तक्रार 9 जुलै 2024 ची आहे, म्हणून सावधपणे मोजायचे तर 8 जुलै 2026 ही तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी. महारेरा आणि ग्राहक आयोग हे दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत, रेरा आल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग बंद झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कोणता मार्ग घ्यावा हे वकिलाशी बोलून ठरवावे. तुमचा गोषवारा तयार असेल, तर त्या भेटीचा निम्मा वेळ वाचतो.

दोष-दायित्वाची पाच वर्षे हा वेगळा हिशेब आहे. ती ताब्याच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणजे इथे 14 जून 2023 पासून, त्यामुळे ताबापत्राची प्रत हे पहिल्या जोडपत्राच्याही आधीचे कागदपत्र समजावे.

बाहेरची भिंत सामाईक असते. मग पत्र सोसायटीने लिहायचे की मी?

दोघांनीही लिहिता येते, आणि एकट्या सदनिकाधारकाने सोसायटीची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. ‘इमारत सोसायटीकडे हस्तांतरित झाली, आता देखभाल तुमची’ हे उत्तर नेहमीची झीज आणि देखभाल यांना लागू पडते, मूळ बांधकामातील दोषाला नाही. हस्तांतरणामुळे कलम 14(3) ची पाच वर्षे आटोपत नाहीत. तरीही त्याच बाजूच्या आणखी दोन-तीन घरांत तशीच ओल असेल, तर व्यवस्थापन समितीने स्वतंत्र पत्र द्यावे आणि त्याला प्रत्येक घराचा आपापला गोषवारा जोडावा. सगळ्यांच्या तक्रारी एकाच यादीत कालवू नयेत. प्रत्येकाच्या ताब्याची तारीख वेगळी असते, आणि एकाचा तपशील चुकला की सर्वांची यादी अडचणीत येते.

पत्र मराठीत लिहिले तर चालेल का?

चालते. मात्र करारनामा इंग्रजीत असेल आणि संचालक परराज्यातले असतील, तर सोबत इंग्रजी अनुवाद जोडणे व्यवहाराच्या दृष्टीने सोयीचे पडते. दोन्हींतल्या तारखा जुळतात ना, ते मात्र तपासावे.

पत्रानंतर लगेच माणसे आली, पण काम सुरू करण्याआधी कागदावर सही मागत आहेत. करावी का?

कागद पूर्ण वाचून. काम सुरू करण्यासाठी घरात प्रवेशाची परवानगी मागत असतील, तर सही द्यायला हरकत नाही. ‘दुरुस्ती समाधानकारक झाली, यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही’ असा मजकूर असेल, तर काम होण्याआधी तर नाहीच, पण काम संपल्याच्या दिवशीही तशी सही करू नये. बाह्य भिंतीची दुरुस्ती टिकली की नाही हे पाण्याच्या माऱ्याच्या चाचणीने काही अंशी कळते आणि खरे तर पुढच्या पावसाळ्यातच कळते. वरच्या उदाहरणात नोव्हेंबरमधले काम जूनमध्ये उघडे पडले ते असेच. अशा कागदावर स्वतःच्या हाताने ‘काम दिनांक अमुक रोजी पूर्ण झाल्याचे पाहिले. दोष दूर झाला की नाही याबाबतचे मत पुढील पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवले आहे’ असे लिहून, खाली तारीख घालून सही करावी, आणि त्याच क्षणी त्या कागदाचे छायाचित्र काढून घ्यावे. कामगारांनी आणलेल्या साहित्याच्या डब्यांवरची नावेही त्याच वेळी टिपून ठेवावीत, कारण लेखी पद्धतीत सांगितलेले साहित्य आणि प्रत्यक्षात पाळण्यात चढलेले साहित्य हे दर वेळी एकच असते असे नाही.